शाफ्टचं पहिलं ड्रॉइंग: बेअरिंग नीट बसेल अशी मापं आणि टॉलरन्स

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात इंटर्न म्हणून येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात मी बहुतेक एकच काम देतो: एक पायऱ्यांचा शाफ्ट, त्यावर दोन बेअरिंग आणि एका टोकाला कपलिंग. मॉडेल तासाभरात तयार होतं. ड्रॉइंग मात्र तीन-चारदा लाल होऊन परत जातं. लाल खुणा बहुतेक वेळा त्याच तीन-चार जागी पडतात, म्हणून तो शाफ्ट इथे पूर्ण सोडवून दाखवतो. तुम्हाला ठाण्यात, रबाळ्याला किंवा महापे-तुर्भ्याकडे कुठेही पहिलं ड्रॉइंग करायला मिळालं, तरी याच क्रमाने जाता येईल.

शाफ्ट असा आहे. एकूण लांबी १८० मिमी. डावीकडून पहिले २० मिमी २५ व्यासाचे, तिथे पहिलं बेअरिंग. मग १०० मिमी लांबीचा ३२ व्यासाचा मधला भाग. त्यानंतर पुन्हा २५ व्यास, २० मिमी लांब, तिथे दुसरं बेअरिंग. शेवटचे ४० मिमी २० व्यासाचे, त्यावर कपलिंग आणि त्यासाठी की-वे. डावं बेअरिंग सर्कलिपने अडवलं आहे, उजवं हाउसिंगमध्ये मोकळं सरकू शकतं. दोन्ही बेअरिंग ६२०५, म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५. मटेरियल ईएन-८, ३५ मिमीच्या गोल बारमधून.

## माप टाकण्याआधी कागदावर तीन प्रश्न

कॅड उघडायच्या आधी शाफ्टचं साधं रेखाटन हाताने काढा आणि प्रत्येक पृष्ठभागाजवळ लिहा: इथे काय बसतं, ते फिरतं की स्थिर आहे, आणि ते कशाला टेकतं. आपल्या शाफ्टवर याची उत्तरं थोडीच आहेत. २५ च्या दोन जागांवर बेअरिंगची आतली रिंग बसते आणि ती शाफ्टबरोबर फिरते. डाव्या बेअरिंगची रिंग ३२ च्या डाव्या शोल्डरला टेकते, उजव्याची उजव्या शोल्डरला. २० च्या टोकावर कपलिंग सरकवून बसवायचं आहे. ३२ च्या मधल्या भागाला मात्र काहीच लागत नाही, तो हवेत फिरतो.

हे लिहून झालं की अर्धं ड्रॉइंग ठरलेलं असतं. जिथे काही बसतं तिथे फिट द्यायचा. जिथे काही टेकतं तिथून लांबीची मापं सुरू करायची. जिथे काहीच लागत नाही तिथे जनरल टॉलरन्स पुरतो. नवीन माणूस हे न करता डावीकडून उजवीकडे दिसेल त्या प्रत्येक पायरीला माप देत जातो, आणि तिथूनच गडबड सुरू होते.

## बेअरिंगची जागा: २५ ला नेमकं काय लिहायचं

कॉलेजात फिटचा तक्ता शिकवताना होल बेसिस शिकवतात: भोक H7, शाफ्ट त्याप्रमाणे g6, h6, k6 वगैरे. भोक शून्यापासून वर जातं, असा त्याचा अर्थ. ही सवय घेऊन मुलं बेअरिंगकडे येतात आणि तिथेच चुकतात, कारण बेअरिंगचं भोक H7 नसतं. साध्या अचूकतेच्या ६२०५ चं भोक २५.००० पासून खाली, २४.९९० पर्यंत असतं. म्हणजे टॉलरन्स पूर्ण वजा बाजूला.

आता आकडे मांडून बघू. शाफ्टला h6 दिला, तर २५ मिमीला तो शून्य ते उणे ०.०१३ असतो. शाफ्ट सर्वात लहान आणि भोक सर्वात मोठं आलं, तर ०.०१३ चा सैलपणा. शाफ्ट सर्वात मोठा आणि भोक सर्वात लहान आलं, तर ०.०१० चा घट्टपणा. म्हणजे एकाच लॉटमधली काही बेअरिंग ठोकून बसतील आणि काही हाताने सरकतील. आतली रिंग शाफ्टबरोबर फिरत असेल आणि लोड एकाच दिशेने येत असेल (आपल्या शाफ्टवर कपलिंगच्या बाजूने तसंच आहे), तर सैल रिंग शाफ्टवर हळूहळू घसरत फिरते.

माझ्या पहिल्या वर्षी असे बारा शाफ्ट माझ्या ड्रॉइंगवरून तयार झाले होते. बेअरिंग हाताने छान सरकले म्हणून असेंब्लीला सगळे खूश होते. काही आठवड्यांनी मशीन उघडलं, तेव्हा बेअरिंगखालची जागा आरशासारखी चकाकत होती आणि तिच्या कडेला तांबूस-तपकिरी पूड जमली होती. ती खूण दिसली की समजायचं की रिंग शाफ्टवर फिरली आहे. नवीन बेअरिंग घालून तो शाफ्ट सुधारत नाही, कारण शाफ्टचाच व्यास झिजलेला असतो.

k6 दिला तर २५ ला तो अधिक ०.०१५ ते अधिक ०.००२ असतो. भोकाशी ताडून बघा: कमीत कमी घट्टपणा ०.००२ आणि जास्तीत जास्त ०.०२५. म्हणजे दोन्ही भाग आपापल्या टॉलरन्समध्ये असले, तर कोणतीही जोडी सैल येत नाही आणि कोणतीही जोडी फार जड जात नाही. साध्या लोडच्या लहान बॉल बेअरिंगला फिरत्या शाफ्टवर म्हणूनच k6 किंवा त्याच्या आसपासचा फिट देतात. लोड खूप जास्त किंवा धक्क्यांचा असेल तर उत्तर बदलतं, तेव्हा बेअरिंगच्या कॅटलॉगमधला तक्ता बघा.

बाहेरची रिंग स्थिर आहे आणि उजवं बेअरिंग सरकायला हवं, म्हणून हाउसिंगचं भोक ५२ H7, म्हणजे शून्य ते अधिक ०.०३०. बेअरिंगचा बाहेरचा व्यास शून्य ते उणे ०.०१३ असतो, त्यामुळे इथे शून्य ते ०.०४३ सैलपणा मिळतो. तो हवाच आहे. दोन्ही रिंगा घट्ट केल्या, तर शाफ्ट गरम होऊन वाढल्यावर बेअरिंगवर ओढ येते.

## ऑटोकॅडमध्ये हे माप कसं टाकायचं

आमच्याकडे २डी ड्रॉइंग अजूनही बहुतेक ऑटोकॅडमध्ये जातात, म्हणून तिथलं सांगतो. शाफ्ट मॉडेल स्पेसमध्ये १:१ मध्ये काढा, स्केल फक्त लेआउटच्या व्ह्यूपोर्टला द्या. `DIMLFAC` ची किंमत 1 आहे ना, ते एकदा बघा. जुनं ड्रॉइंग उघडून त्यावरच काम सुरू केलं, तर तिथे 2 किंवा 0.5 राहिलेलं असू शकतं आणि मग प्रत्येक माप दुप्पट किंवा निम्मं दाखवलं जातं.

व्यासाच्या मापावर k6 लिहायला मुलं डायमेन्शनवर डबल-क्लिक करून सगळं खोडतात आणि हाताने आकडा टाइप करतात. ते करू नका. पुढे कोणी शाफ्टची जाडी बदलली, तर रेषा सरकतील पण हाताने टाकलेला आकडा तसाच राहील. Properties पॅलेटमधल्या Text override मध्ये असं लिहा:

```
%%c<> k6 (\S+0.015^+0.002;)
```

यातलं `%%c` म्हणजे व्यासाची खूण. `<>` म्हणजे मोजलेलं खरं माप, ते जिवंत राहतं. `\S` आणि `;` यांच्यामधला भाग एकावर एक मांडला जातो. आकडेही लिहावेत असं माझं मत आहे. फक्त k6 लिहिलं तरी नियमाने चालतं, पण शाफ्ट बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये तक्ता भिंतीवर लावलेला असेलच असं नाही. मग तिथला माणूस फोन करतो किंवा अंदाजाने करतो. फोन केला तर नशीब.

काही जण Text override ऐवजी Tolerance display मध्ये Deviation निवडतात. ते करायला हरकत नाही, पण तिथे दोन खोड्या आहेत. खालच्या मर्यादेला ऑटोकॅड स्वतःच उणे चिन्ह लावतं. म्हणजे खालची मर्यादा अधिक ०.००२ हवी असेल तर Tolerance limit lower मध्ये `-0.002` टाइप करावं लागतं. नुसतं 0.002 टाकलं तर ड्रॉइंगवर उणे ०.००२ छापलं जातं, आणि ते नजरेतून सहज सुटतं. दुसरी खोड Tolerance precision ची. ती दोन दशांश असेल तर ०.००२ चं सरळ ०.०० होतं. तिथे तीन दशांश ठेवा. टॉलरन्स डायमेन्शन स्टाइलमध्ये मात्र कधीच घालू नका, नाहीतर त्या स्टाइलच्या सगळ्या मापांना तोच लागतो.

सॉलिडवर्क्समध्ये काम असेल तर डायमेन्शन निवडून Tolerance/Precision मध्ये Fit with tolerance घेता येतो, मग आकडे सॉफ्टवेअर आणतं. तिथे वेगळी गोष्ट तपासायची: Sheet Properties मध्ये Type of projection. आपल्याकडे फर्स्ट अँगल वापरतात, पण टेम्प्लेट अमेरिकन असेल तर थर्ड अँगल येतं. शाफ्टला एकच मुख्य दृश्य असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच टेम्प्लेटवर ब्रॅकेट काढलं की भोकं उलट बाजूला जातात.

## लांबीची मापं: साखळी कशी तोडायची

हा भाग सगळ्यात जास्त वेळ देऊन समजून घ्या.

इंटर्नच्या पहिल्या ड्रॉइंगवर लांबीची मापं अशी असतात: २०, १००, २०, ४० आणि वर एकूण १८०. बेरीज बरोबर आहे, दिसायलाही नीटनेटकं आहे. आता टायटल ब्लॉकमध्ये `ISO 2768-m` लिहिलेलं आहे असं धरू, बहुतेक ठिकाणी तेच असतं. त्याप्रमाणे ६ ते ३० मिमीच्या मापाला ±०.२, ३० ते १२० ला ±०.३ आणि १२० ते ४०० ला ±०.५ मिळतो. चारही पायऱ्यांचे टॉलरन्स मिळवा: ०.२, ०.३, ०.२ आणि ०.३, म्हणजे ±१.०. पण एकूण लांबीला तर ±०.५ आहे. चारही पायऱ्या बरोबर करून शाफ्ट १८०.९ चा झाला, तर टर्नर म्हणतो बरोबर आहे, क्वालिटीवाला म्हणतो रिजेक्ट, आणि दोघांच्या हातात तुमचंच ड्रॉइंग असतं.

म्हणून साखळीतलं एक माप सोडायचं. कोणतं सोडायचं, ते कामावरून ठरतं. आपला शाफ्ट डाव्या शोल्डरवर उभा आहे, कारण अडवलेलं बेअरिंग तिथे टेकतं. म्हणून लांबीची सगळी मापं त्या पृष्ठभागापासून सुरू करा. तिथून डाव्या टोकापर्यंत २०. तिथून उजव्या शोल्डरपर्यंत १००. त्याच डाव्या शोल्डरपासून २५ आणि २० व्यासांच्या सांध्यापर्यंत १२०. एकूण लांबी १८० वेगळी. कपलिंगच्या टोकाची ४० ही लांबी उरलेली म्हणून येते, ती एक मिमी इकडेतिकडे झाली तरी कपलिंगला फरक पडत नाही. वाचणाऱ्याला सोय म्हणून ती कंसात (४०) अशी देता येते. कंसातलं माप फक्त माहितीसाठी असतं, त्यावरून जॉब तपासत नाहीत.

आता सर्कलिपची खाच. इथे साखळीची चूक सगळ्यात महाग पडते. २५ च्या शाफ्टच्या सर्कलिपला १.३ मिमी रुंद खाच लागते आणि खाचेच्या तळाचा व्यास २३.९ असतो. सर्कलिपची जाडी १.२. बेअरिंग १५ रुंद आहे, म्हणजे शोल्डरपासून खाचेच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत कमीत कमी १५ अधिक १.२, असं १६.२ अंतर हवं. त्याहून कमी झालं की सर्कलिप खाचेत बसत नाही. फटीत नुसती अडकते आणि वरून बघणाऱ्याला बसली आहे असं वाटतं.

नवीन मुलगा काय करतो? शाफ्टचं टोक डोळ्यासमोर असतं, म्हणून तो खाचेचं माप टोकापासून देतो: ३.८. आता त्या अंतराची साखळी पहा. शोल्डर ते टोक २० ला ±०.२, टोक ते खाच ३.८ ला ±०.१. शोल्डर ते खाच मग १५.९ ते १६.५ यात कुठेही येऊ शकतं. ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर असूनही सर्कलिप जाणार नाही असे शाफ्ट येतील.

तेच माप शोल्डरपासून थेट द्या: १६.२, टॉलरन्स अधिक ०.१ आणि खाली शून्य. आता हिशोब करा. ६२०५ ची रुंदी १५ पासून १४.८८ पर्यंत असू शकते आणि सर्कलिप १.२ पासून १.१४ पर्यंत. सगळं जाड आलं तर खेळ शून्य, सगळं पातळ आणि खाच लांब आली तर १६.३ वजा १६.०२, म्हणजे ०.२८. सर्कलिप नेहमी बसते आणि बेअरिंग जास्तीत जास्त पाव मिमीच्या आसपास पुढे-मागे हलतं. साध्या ड्राइव्ह शाफ्टला हे चालतं. तुमच्या मशीनला इतका खेळ चालत नसेल, तर खाचेचा टॉलरन्स आवळून उपयोग नाही, कारण ०.२८ पैकी ०.१८ बेअरिंग आणि सर्कलिपमधून येतो. तिथे सर्कलिप सोडून लॉकनट घ्यावा लागतो.

१०० या मापाबद्दल उलटी चूक होते. दोन बेअरिंगमधलं अंतर महत्त्वाचं असणार असं वाटून मुलं तिथे ±०.०२ टाकतात. आपल्या शाफ्टचं उजवं बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकतं आणि त्याच्या बाजूला एक मिमी मोकळी जागा आहे. १०० मिमी स्टील ४० अंशांनी तापलं तर साधारण ०.०५ ने वाढतं, तेही तिथेच सामावतं. त्यामुळे जनरल टॉलरन्सचा ±०.३ तिथे पूर्ण पुरेसा आहे, त्या मापाला काहीही जोडू नका. प्रत्येक आवळलेलं माप म्हणजे टर्नरने मशीन थांबवून पुन्हा मोजणं, आणि क्वालिटीच्या कागदावर आणखी एक ओळ.

## शोल्डरचा कोपरा

हा तपशील ड्रॉइंगवर इतका लहान असतो की बहुतेक वेळा राहूनच जातो. २५ आणि ३२ जिथे भेटतात त्या कोपऱ्यात टूलच्या नाकाएवढा रेडियस राहतोच. ६२०५ च्या आतल्या रिंगच्या कडेला कमीत कमी १ मिमीचा चॅम्फर असतो. शाफ्टचा रेडियस त्याहून मोठा झाला तर रिंग शोल्डरला टेकण्याआधी रेडियसवर चढते. बेअरिंग दाबून बसवल्यासारखं दिसतं, पण शोल्डर आणि रिंग यांच्यामधे बारीक फट राहते. असेंब्लीवाला ०.०३ ची फिलर पट्टी तिथे घालून बघतो. पट्टी गेली, तर ते बेअरिंग तिरकं बसलं आहे किंवा टेकलेलंच नाही.

म्हणून दोन्ही शोल्डरच्या कोपऱ्यांना `R0.8 MAX` लिहा. MAX विसरू नका, नाहीतर ०.८ च्या दोन्ही बाजूंना टॉलरन्स लागतो. कोपरा एकदम तीक्ष्ण मागणंही चूक आहे, शाफ्ट वळणाऱ्या लोडने तुटतो तो बहुधा अशा कोपऱ्यापासूनच.

## की-वे आणि २० चं टोक

२० व्यासाला ६ × ६ ची की लागते आणि शाफ्टमध्ये खोली ३.५. ड्रॉइंगवर ३.५ थेट देऊ नका. खाच पाडल्यावर वरचा गोल पृष्ठभाग तिथे उरतच नाही, मग खोली मोजायची कुठून? त्याऐवजी आडवा छेद A-A काढून खाचेच्या तळापासून समोरच्या बाजूपर्यंत १६.५ द्या, टॉलरन्स वर शून्य आणि खाली उणे ०.१. हे व्हर्निअरने सरळ मोजता येतं. रुंदी ६ N9, म्हणजे शून्य ते उणे ०.०३०. लांबी २८, शाफ्टच्या उजव्या टोकापासून ६ वर सुरू.

टोकाचा व्यास २० h6, शून्य ते उणे ०.०१३. कपलिंगचं भोक H7, म्हणजे शून्य ते अधिक ०.०२१. सैलपणा शून्य ते ०.०३४, कपलिंग हाताने किंवा हलक्या दाबाने जातं आणि ग्रब स्क्रूने धरतं.

## फिरताना सरळ हवं, हे कसं सांगायचं

तीनही व्यास आपापल्या टॉलरन्समध्ये असले, तरी २० चं टोक बेअरिंगच्या मध्यरेषेपासून थोडं बाजूला असू शकतं. व्यासाचा टॉलरन्स त्याबद्दल काहीच सांगत नाही. कपलिंग मग दर फेऱ्यात डुलतं. म्हणून बेअरिंगच्या दोन्ही जागांना A आणि B अशा डेटमच्या खुणा द्या आणि २० च्या पृष्ठभागाला A-B च्या संदर्भात सर्क्युलर रनआउट ०.०२ द्या. ऑटोकॅडमध्ये हे `TOLERANCE` कमांडने येतं.

एवढी एकच जॉमेट्रिक खूण या शाफ्टला पहिल्या ड्रॉइंगवर पुरते असं मला वाटतं. ड्रॉइंगवर सहा खुणा दिसल्या की मी इंटर्नला प्रत्येक खुणेपुढे ती कशाने तपासणार ते लिहायला सांगतो. ही खूण तपासायला शाफ्ट बेअरिंगच्या दोन जागांवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवतात, २० च्या टोकावर डायल लावतात आणि शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवतात. सुई ०.०२ पेक्षा जास्त हलली नाही तर ठीक.

पृष्ठभागाचं फिनिश बेअरिंगच्या दोन जागांना आणि २० च्या टोकाला `Ra 0.8`, बाकी सगळीकडे `Ra 3.2`. ०.८ लिहिलं की टर्नरला कळतं की ग्राइंडिंग आहे, आणि तो व्यासावर ०.३ च्या आसपास मटेरियल ठेवून जॉब पुढे पाठवतो. टायटल ब्लॉकजवळ एक ओळ जरूर लिहा: दोन्ही टोकांना सेंटर होल ठेवणे. ती नसेल, तर काही वर्कशॉप शाफ्टची टोकं साफ करून देतात. मग ग्राइंडरला शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरता येत नाही.

## प्रिंट द्यायच्या आधी, आणि पहिला जॉब आल्यावर

ड्रॉइंग पाठवण्याआधी प्रिंट काढा आणि प्रत्येक मापाला गोलात नंबर द्या. मग नंबरासमोर मोजायचं साधन लिहा. इथे k6 मध्ये एक गोष्ट लपलेली आहे. ०.०१३ च्या पट्ट्यात माप आहे की नाही ते ०.०२ च्या व्हर्निअरने कळूच शकत नाही, मायक्रोमीटर हवा आणि तोही ०.००१ वाचणारा. शिवाय २५ k6 नेहमी २५ च्या वर असतो, म्हणून ० ते २५ चा मायक्रोमीटर पुरत नाही, २५ ते ५० चा लागतो. काम कुठे द्यायचं ते ठरवताना मी हेच विचारतो. वर्कशॉपकडे तो मायक्रोमीटर नसेल, तर ड्रॉइंग कितीही बरोबर असलं तरी २५ k6 तिथे अंदाजाने होणार.

पहिला शाफ्ट आला की स्वतः मोजा. ग्राइंडरवरून नुकताच आलेला जॉब गरम असतो. २५ मिमीचं स्टील २० अंशांनी तापलेलं असेल तर व्यास सुमारे ०.००६ ने मोठा दिसतो, आणि आपल्याकडे एकूण पट्टाच ०.०१३ चा आहे. शाफ्ट आणि मायक्रोमीटर तासभर एकाच टेबलावर ठेवा, मग वाचा.

समजा वाचन असं आलं: डावी जागा २५.००९, उजवी २५.०१२, टोक १९.९९१, शोल्डर ते खाच १६.२४. चारही ठीक. रनआउट मात्र ०.०३५. बघायची पहिली गोष्ट म्हणजे शाफ्ट किती धरण्यांमध्ये ग्राइंड झाला. बहुतेक वेळा एक बाजू चकमध्ये धरून केलेली असते आणि मग शाफ्ट उलटा धरून दुसरी. टोकाला सेंटर होल आहे का, ते खराब झालं आहे का, तेही बघा. वर्कशॉपमधल्या काकांना विचारा, "काका, हा सेंटरमध्ये धरून केला की चकमध्ये?" उत्तर चक असेल, तर पुढच्या जॉबसाठी ड्रॉइंगवर ओळ घाला की २५ च्या दोन्ही जागा आणि २० चं टोक दोन सेंटरमध्ये धरून ग्राइंड करावं.

हा पहिला शाफ्ट वापरायचा की नाही हे तुम्ही ठरवू नका, आणि ड्रॉइंगवरचा ०.०२ मोडून ०.०४ करून तो पास करून घेऊ नका. कपलिंग लवचिक असेल आणि वेग कमी असेल तर वरिष्ठ तो एकच जॉब लेखी डेव्हिएशनवर सोडू शकतात. तेव्हा कागदावर शाफ्टचा नंबर, मोजलेलं ०.०३५ आणि सही असते. नवी ओळ घातली की रिव्हिजन A ची B करा, रिव्हिजनच्या तक्त्यात काय बदललं ते एका वाक्यात लिहा, आणि वर्कशॉपमधली जुनी प्रिंट हातात घेऊन परत आणा.